निंगबोच्या पुरवठादाराचे रात्रीच्या जेवणाचे निमंत्रण मँडरिनमधून कसे नाकारावे?

प्रश्न : मी चाकणच्या एका कंपनीत खरेदी विभागात काम करतो. डाय-कास्टिंगच्या डाय तपासण्यासाठी निंगबोला चाललो आहे. पुरवठादार कंपनीचे मालक पहिल्याच संध्याकाळी जेवायला बोलावणार हे ठरलेले आहे. त्या वेळी पुण्याच्या ऑफिसबरोबर माझी मीटिंग आहे, शिवाय तपासणी पूर्ण होण्याआधी मोठी मेजवानी घेणे मला बरे वाटत नाही. कामचलाऊ मँडरिन मला येते. नाही म्हणायचे आहे, पण संबंध बिघडायला नकोत. नेमके काय बोलू?

उत्तर :

तुम्हाला नाकारायची आहे ती एक संध्याकाळ. त्या गृहस्थांबरोबर जेवायला बसणे तुम्हाला नाकारायचे नाही. हा फरक तुमच्या बोलण्यात पहिल्या दोन-तीन वाक्यांतच उमटला, तर संबंधाला धक्का लागत नाही. म्हणून नकारासोबत दुसरे एखादे जेवण, दिवस आणि वेळ सांगून, पुढे ठेवावे लागते. ‘पुन्हा कधीतरी’ एवढ्याने भागत नाही, कारण चिनी व्यवहारात ‘पुन्हा कधीतरी’ म्हणजे सभ्य शब्दांतले ‘नाही’ असते आणि ऐकणाऱ्याला ते तसेच ऐकू येते.

मात्र त्याआधी निमंत्रण खरे आहे की शिष्टाचारापुरते, हे पाहून घ्या. मीटिंग संपताना दारात कोणी ‘गायथ्यान यीछी छरफान’ (एखाद्या दिवशी एकत्र जेवू) किंवा ‘योऊ खोंग यीछी छरफान’ (सवड असेल तेव्हा जेवू) असे म्हणाले, तर ते निमंत्रण नव्हे, तो निरोप घेण्याचा प्रकार आहे. त्यावर कारणे सांगत बसलात तर समोरचा गोंधळतो. ‘हाओ आ, यीदिंग’ (हो, नक्की) एवढे हसून म्हणावे आणि विषय तिथेच सोडावा. खऱ्या निमंत्रणात तपशील असतो. वेळ सांगितली जाते, हॉटेलवर गाडी किती वाजता पाठवायची हे विचारले जाते, आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे ‘नीन योऊ शनम जीखोऊ मा?’ (तुम्हाला काही वर्ज्य आहे का?) असा प्रश्न येतो. हा प्रश्न आला म्हणजे कोणीतरी पदार्थांची यादी करत बसले आहे आणि बहुधा ‘बाओज्यान’, म्हणजे रेस्टॉरंटमधली स्वतंत्र खोली, बुक झाली आहे किंवा होण्याच्या बेतात आहे.

ही खोली बुक होण्याच्या आधी नकार पोहोचणे हे शब्दांच्या निवडीइतकेच महत्त्वाचे आहे. मालक परदेशी ग्राहकाला जेवायला नेतात तेव्हा टेबलावर फक्त तुम्ही दोघे नसता. त्यांचे उत्पादन प्रमुख, निर्यात विभागाची व्यक्ती, कधी एखादे व्यवसायबंधू किंवा तुमची ओळख करून देणारे मध्यस्थ, अशा सगळ्यांना ‘संध्याकाळी मोकळे राहा, भारतातून पाहुणे येत आहेत’ असे सांगून झालेले असते. त्यानंतर तुम्ही नाही म्हटलेत तर मालकांना एकेकाला फोन करून बेत रद्द झाल्याचे सांगावे लागते, आणि पाहुण्याने आपला शब्द राखला नाही हे त्या सर्वांसमोर उघडे पडते. जेवण रद्द होण्यापेक्षा हे त्यांना जास्त लागते. त्यामुळे विमानात बसण्याआधीच, भेटीचा कार्यक्रम ठरत असताना, निर्यात विभागातल्या ज्या व्यक्तीशी तुमचा रोजचा संपर्क आहे तिला कळवा, की पहिल्या संध्याकाळी ऑफिसची मीटिंग आहे, तेव्हा त्या दिवशीचे काही ठरवू नये. ही व्यक्ती मालकांच्या कानावर ते योग्य वेळी घालते. मालकांनी विचारण्याआधीच उत्तर त्यांच्याकडे गेलेले असते, आणि जो प्रश्न विचारलाच गेला नाही त्याला नकारही द्यावा लागत नाही. माझ्या मते तुमच्या परिस्थितीत हाच सर्वांत चांगला मार्ग आहे, आणि बहुतेक वेळा काम इथेच संपते.

चीनमध्ये एक जुनी बोलरूढी आहे. तीन दिवस आधी सांगितले तर ते निमंत्रण, दोन दिवस आधी सांगितले तर ते नुसते बोलावणे, आणि त्याच दिवशी सांगितले तर ते ओढून नेणे, असा तिचा आशय आहे. आजकाल व्यवसायात हा हिशेब कोणी काटेकोरपणे पाळत नाही, पण त्यातले तारतम्य टिकून आहे. त्याच दिवशी दुपारी आलेले निमंत्रण, वेळ आधीच दिलेली आहे असे सांगून, फारशी अडचण न होता नाकारता येते. आठवडाभर आधी आलेले, नावानिशी लोकांना बोलावून ठरलेले जेवण नाकारायला खरोखर भक्कम कारण लागते.

आता कारणाकडे वळू. कारण खरे असावे, तुमच्या मर्जीबाहेरचे असावे, आणि समोरच्याला ते सोडवून देता येऊ नये. तुमच्या बाबतीत असे कारण आयते हाताशी आहे. चीनची वेळ भारताच्या अडीच तास पुढे आहे. निंगबोमध्ये संध्याकाळचे सात वाजलेले असतात तेव्हा पुण्यात साडेचार झालेले असतात, म्हणजे ऑफिस भरात असते आणि दिवसभराच्या मोजमापांचे आकडे ऐकायला तुमचे लोक त्याच वेळी टेबलाशी बसू शकतात. चिनी जेवण लवकर, सहा-साडेसहाला सुरू होते, त्यामुळे मीटिंग बरोबर त्यावर येते. हे गणित यजमानांना सांगताक्षणी पटते, कारण त्यांची निर्यात विभागाची माणसेही याच फरकाने भारताशी रोज बोलत असतात.

तब्येतीचे कारण मात्र देऊ नका. पोट ठीक नाही असे म्हणालात तर तासाभरात हॉटेलच्या रिसेप्शनवर औषध आणि तांदळाची गरम पेज येऊन पोहोचेल, दुसऱ्या दिवशी कारखाना पाहताना सगळे तुमची चौकशी करतील, आणि दुपारी तुम्ही पोटभर जेवलात की कारण खोटे होते हे सर्वांना दिसेल. ‘दमलो आहे’ हेही टाळा. त्यावर ‘मग लवकर जेवू आणि लवकर सोडू’ हे उत्तर तयार असते. कारण त्यांना सोडवता येऊ नये असे मी म्हणालो ते याचसाठी.

समजा मालकांचे आडनाव छन आहे. त्यांना ‘छन त्सोंग’ म्हणायचे. आडनावापुढे ‘त्सोंग’ लावणे ही कंपनीच्या प्रमुखाला संबोधण्याची रीत आहे. सर्वनाम सगळीकडे आदरार्थी ‘नीन’ वापरा, ‘नी’ नको. वीचॅटवर संदेश आला आहे की आज संध्याकाळी साडेसहाला साधेसे जेवण घेऊ. त्याला मी असे उत्तर लिहून देईन (देवनागरीत उच्चार जवळपासचाच येतो, स्वर शिक्षकाकडून किंवा ध्वनिमुद्रणावरून पक्के करून घ्या) :

‘छन त्सोंग, श्येश्ये नीन द शंगछिंग याओछिंग. जन बू छ्याओ, जिनवान वो याओ गन यिनदू त्सोंगबू खाय शरफिन ह्वेइ, शरत्साय थ्वेइ बू द्याओ. नीन द शिनयी वो लिंग ल. याओबू जयांग, मिंगथ्यान जोंगवू त्सानमन त्साय शरथांग यीछी छर ग गोंगत्स्वोत्सान, हाओ मा? जोऊवू वानशांग रूग्वो नीन फांगब्यान, वो हन श्यांग फेइ नीन हाओहाओ त्स्वोत्स्वो.’

मराठीत आशय असा : छनसाहेब, आपल्या आपुलकीच्या निमंत्रणाबद्दल आभार. नेमका योग जुळत नाही, आज संध्याकाळी भारतातल्या मुख्य ऑफिसबरोबर व्हिडिओ मीटिंग आहे आणि ती खरोखरच पुढे ढकलता येत नाही. आपली भावना माझ्यापर्यंत पोहोचली. असे करू या का, उद्या दुपारी आपल्या कॅन्टीनमध्ये आपण एकत्र जेवू? आणि शुक्रवारी संध्याकाळी आपल्याला सोयीचे असेल तर आपल्याबरोबर निवांत बसायला मला फार आवडेल.

या मजकुरात ‘येऊ शकत नाही’ असे शब्द कुठेच नाहीत, हे लक्षात घ्या. ‘जन बू छ्याओ’ म्हटले की दोष वेळेच्या माथी जातो आणि ऐकणाऱ्याला पुढचे कळते. ‘वो बू नंग छ्यू’ (मी येऊ शकत नाही) व्याकरणाने बरोबर आहे, पण मालकांना उद्देशून ते फार उघडे वाटते. ‘मेइ खोंग’ (वेळ नाही) त्याहून वाईट, कारण त्यातून तुमच्यासाठी वेळ नाही असे ऐकू येते. ‘बू योंग ल’ (नको, गरज नाही) हे दुकानदाराला किंवा वेटरला म्हणायचे शब्द आहेत. मँडरिनचे प्राथमिक वर्ग केलेले आपले लोक नेमके हेच वाक्य, पुढे ‘श्येश्ये’ जोडून, भाबडेपणाने वापरतात. ‘द्वेइबूछी’ हेही इथे जड होते, कारण त्यात अपराध कबूल केल्याची छटा आहे. दिलगिरी म्हणायचीच असेल तर ‘शरत्साय बू हाओयीस’ म्हणावे, त्यात संकोच आहे, अपराध नाही.

‘नीन द शिनयी वो लिंग ल’ हे वाक्य सुंदर आहे, पण ते शेवटी ठेवू नये. भावना पोहोचली असे म्हणून थांबलात तर वस्तू परत केल्यासारखे होते, दार लागते. म्हणून त्याला लागूनच ‘याओबू जयांग’ (असे करू या का) आले पाहिजे. हे दोन शब्द साऱ्या मजकुराची दिशा बदलतात. इथपर्यंत तुम्ही मागे सरकत होता, इथून पुढे तुम्ही जेवणाचा बेत करत आहात.

दुपारचे कॅन्टीनमधले जेवण मुद्दाम सुचवले आहे. निंगबोच्या बेइलुन भागात डाय-कास्टिंगच्या डाय बनवणारे कारखाने दाटीने आहेत आणि तिथे ग्राहकाने दुपारी कारखान्यातच जेवणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यात मद्य नसते, खर्च नगण्य असतो, तासाभरात उठता येते, आणि तरीही मालक तुमच्या शेजारी बसून जेवतात. पाहुणा कामगारांच्या कॅन्टीनमध्ये आनंदाने जेवला ही गोष्ट कारखान्यात चांगल्या अर्थाने बोलली जाते. तुम्ही शाकाहारी असाल तर ‘वो छरसू’ (मी शाकाहारी आहे) हे आदल्या दिवशीच कळवा, म्हणजे स्वयंपाक्याला दोन भाज्या वेगळ्या करता येतील.

शुक्रवारच्या वाक्यात एक सावधगिरी आहे. ‘नमुने पास झाल्यावर जेवू’ असे कधीही लिहू नका. आपल्याला ते निरुपद्रवी वाटते, पण वाचणाऱ्याला त्यातून दोन गोष्टी कळतात : नमुने पास होणार असे तुम्ही जवळपास सांगून टाकले, आणि जेवणाचा तपासणीशी संबंध आहे. ज्या गोंधळातून सुटण्यासाठी तुम्ही पहिले जेवण नाकारले तोच तुम्ही लेखी करून दिला, असे होते. म्हणायचेच असेल तर ‘दंग ज्यानत्स बाओगाओ छूलाय’ (तपासणीचा अहवाल आला की) म्हणा. अहवाल चांगला असो की वाईट, तो येणारच आहे, त्यामुळे कोणतेही वचन दिले जात नाही.

यानंतर आग्रह होणार हे धरून चाला. पंक्तीत पहिल्या ‘नको’वर हात मागे घेणारा यजमान आपल्याकडेही कंजूष ठरतो, तसेच हे आहे. पहिला नकार संकोच म्हणून सोडून दिला जातो. छनसाहेब बहुधा म्हणतील, ‘ज्यूशर ब्यानफान, दानवू बू ल्याओ नीन द्वोशाओ शरज्यान’ (अगदी साधे जेवण आहे, तुमचा फार वेळ जाणार नाही), किंवा ‘त्सोंग देइ छरफान बा’ (शेवटी जेवायचे तर आहेच ना). हे दुसरे वाक्य मोठे प्रेमळ आहे आणि त्याला उत्तर देणे अवघड आहे, कारण जेवायचे तर खरोखरच आहे.

इथे पुष्कळ जण नवे कारण शोधतात, आणि तिथेच घात होतो. पहिले कारण मीटिंगचे, दुसरे थकव्याचे, तिसरे पोटाचे असे झाले की ऐकणाऱ्याच्या लक्षात येते की खरे कारण चौथेच आहे. कारण एकच ठेवा, फक्त त्याचा तपशील वाढवा आणि सुरात आपलेपणा आणा :

‘छन त्सोंग, वो जन बू शर गन नीन खछी. ह्वेइ खायवान खोंगफा याओ ज्यू द्यान द्वो ल, रांग दाज्या दंग वो, वो ग्वो यी बू छ्यू.’

म्हणजे, छनसाहेब, मी खरोखर औपचारिकपणा करत नाही. मीटिंग संपायला नऊ वाजून जातील असे वाटते, सगळ्यांना माझ्यासाठी ताटकळत ठेवणे माझ्या मनाला बरे वाटत नाही.

यातले पहिले वाक्य कळीचे आहे. ‘मी औपचारिकपणा करत नाही’ असे स्वच्छ म्हटले की आग्रहाचा खेळ संपतो, कारण नकार संकोचापोटी नाही हे आता समोरच्याला कळलेले असते. पण ते पहिल्याच उत्तरात वापरले तर तुसडे वाटते. आग्रहाची एक फेरी झाल्यावरच त्याला वजन येते. दुसऱ्या भागात तुम्ही स्वतःच्या सोयीऐवजी टेबलावर बसणाऱ्या इतरांचा विचार पुढे केला आहे, आणि यजमानाला त्या लोकांची काळजी असतेच, म्हणून तुमचे म्हणणे त्यांच्या बाजूचे होते. यावर ‘मेइशर मेइशर, गोंगत्स्वो याओजिन’ (काही हरकत नाही, काम महत्त्वाचे) असे उत्तर आले की लगेच दुसरा बेत पक्का करा : ‘ना मिंगथ्यान जोंगवू, त्सानमन ज्यू जम श्वोदिंग ल’ (मग उद्या दुपारी, हे ठरले). तिसऱ्यांदाही आग्रह झाला आणि छनसाहेब स्वतः हॉटेलच्या लॉबीत येऊन उभे राहिले, तर माझा सल्ला असा, की मीटिंगच्या आधी दहा-पंधरा मिनिटे त्यांच्याबरोबर खाली बसून चहा घ्यावा. दारापर्यंत आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवण्याइतकी कोणतीही मीटिंग मोठी नसते.

आग्रह समोरासमोर, कारखान्यात चार लोकांदेखत झाला तर तिथे पूर्ण उत्तर देऊ नका. ‘नीन थाय खछी ल, वो शियान कान यीश्या जिनवान द आनफाय’ (आपण फारच अगत्य करता, आजचा कार्यक्रम एकदा पाहून घेतो) असे म्हणून पुढच्या मशीनकडे वळा, आणि अर्ध्या तासाच्या आत वर दिलेला मजकूर खाजगीत पाठवा. स्वतःच्या माणसांसमोर नकार ऐकणे आणि तोच फोनवर एकट्याने वाचणे यांत मालकांसाठी फार अंतर आहे. मात्र अर्धा तास म्हणजे अर्धाच तास. उत्तर संध्याकाळपर्यंत लांबवलेत तर ते होकार धरून चालतात.

तुमचे दुसरे कारण, तपासणीआधी मेजवानी नको, हे मनात ठेवा आणि शक्यतो बोलू नका. ते खरे आणि योग्य आहे, पण उघड बोलले की त्यातून ‘तुमच्या जेवणामागे हेतू आहे’ असा आरोप ऐकू येतो. तुमच्या कंपनीचा लेखी नियम असेल तर मात्र नियमाच्या नावाने बोलावे : ‘यानशोऊ छीज्यान गोंगस योऊ ग्वेइदिंग, छिंग नीन द्वो बाओहान’ (तपासणीच्या काळात कंपनीचा नियम आहे, कृपया समजून घ्यावे). असा नियम चीनमध्ये कोणालाही नवा नाही. डिसेंबर 2012 मध्ये कम्युनिस्ट पक्षाने आठ कलमी नियम आणले आणि तेव्हापासून सरकारी खर्चाच्या मेजवान्यांवर अंकुश आला. त्यामुळे ‘ग्वेइदिंग’, म्हणजे नियम, हा शब्द उच्चारला की पुढे वाद होत नाही. तुमचा पुरवठादार सरकारी मालकीच्या उद्योगांशी व्यवहार करत असेल तर हे बोलणे त्याने स्वतःही अनेकदा ऐकले असेल. पण हा शब्द एकदा वापरलात की शुक्रवारीही तो लागू होतो. एका संध्याकाळी नियमाचे नाव सांगायचे आणि दोन दिवसांनी, तपासणी चालू असतानाच, मेजवानीला बसायचे, हे उघडे पडते. म्हणून नियम सांगायचा असेल तर पूर्ण भेटभर कॅन्टीन आणि चहा यांवरच राहायची तयारी ठेवा.

उपवासाचे कारण वेगळे आहे आणि ते खरे असेल तर उत्तम चालते. त्या दिवशी तुमची एकादशी किंवा संकष्टी असेल तर ‘जिनथ्यान वो जायज्ये’ (आज माझे व्रत आहे) असे सांगा. चीनमध्ये बौद्ध घरांतून चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळण्याची प्रथा आहे, त्यामुळे तिथीनुसार जेवण बदलणे त्यांना समजावून द्यावे लागत नाही. खोटा उपवास मात्र सांगू नका. उत्सुकतेने पुढचे दहा प्रश्न येतात.

अशा नकारात आपल्याकडची माणसे आणखी एका ठिकाणी अडखळतात. भरपाई म्हणून ‘शुक्रवारी मी तुम्हाला जेवायला नेतो’ असे मोठ्या मनाने म्हटले जाते. निंगबो हे छनसाहेबांचे गाव आहे. तिथे आलेल्या पाहुण्याला जेवू घालणे हे स्थानिक माणसाचे कर्तव्य मानतात, ‘जिन दीजू जर यी’ या शब्दांत ते बोलून दाखवतात, आणि ते कर्तव्य तुम्ही काढून घेऊ पाहिलेत तर ‘निंगबोला आल्यावर तुम्ही कसे पैसे देणार?’ असा नवा वाद उभा राहतो. म्हणूनच वरच्या मजकुरात मी ‘आपल्याबरोबर निवांत बसायला आवडेल’ असे लिहिले, कोण बोलावणार हे मोकळे सोडले. यजमानपण तुम्हाला घ्यायचेच असेल तर ते तुमच्या गावी घ्या : ‘श्या त्स नीन दाओ फूना लाय, यीदिंग याओ रांग वो त्स्वोदोंग’ (पुढच्या वेळी आपण पुण्याला याल तेव्हा यजमान मीच असेन). मालक डाय बसवताना किंवा एखाद्या प्रदर्शनाला भारतात येतात तेव्हा हे वाक्य त्यांना आठवते, आणि तुम्हालाही ते आठवलेच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटताक्षणी, कामाच्या गोष्टी निघायच्या आधी, एक वाक्य बोला : ‘त्स्वोवान मेइ नंग फेइ नीन छरफान, शिनली यीजर ग्वो यी बू छ्यू’ (काल आपल्याबरोबर जेवता आले नाही, मनाला ते लागून राहिले आहे). सोबत घरून आणलेला कोकणातल्या काजूंचा एखादा डबा दिलात तर बरे, पण तपासणीच्या काळात महाग काही देऊ नका. भेटवस्तूचेही तेच गणित आहे जे मेजवानीचे.

संबंधावर ओरखडा उठला आहे का, हे पुढच्या दोन-तीन दिवसांत कळते. ‘लीज्ये लीज्ये’ (समजले, समजले) असे दुहेरी शब्द, ‘फार जागू नका’ अशी चौकशी, दुपारी कॅन्टीनमध्ये मालक स्वतः येऊन बसणे, ही सर्व ठीक असल्याची चिन्हे आहेत. ‘ना नीन मांग बा’ (मग तुम्ही तुमचे काम करा) एवढेच उत्तर आले, दुपारच्या जेवणाला मालकांऐवजी सहायक आला, आणि यापूर्वी मालक थेट देत असलेली उत्तरे आता निर्यात विभागाकडून येऊ लागली, तर मात्र त्यांना लागले आहे असे समजा. वीचॅटवर साधे हसऱ्या चेहऱ्याचे चिन्ह एकटेच आले तर तेही जरा थंडच धरावे, तरुण चिनी लोक ते तसेच वापरतात. म्हणून तुम्हीही ते पाठवू नका. त्याऐवजी एका मुठीवर दुसरा तळवा ठेवून नमस्कार करणारे चिन्ह चालते.

तसे घडले तर लांब खुलासा लिहू नका, त्याने जखम मोठी होते. ज्या निर्यात विभागाच्या व्यक्तीला तुम्ही आधी कळवले होते तिलाच सांगा की शुक्रवारचे बोलणे तुमच्या मनापासूनचे आहे आणि छनसाहेबांना कोणती वेळ सोयीची पडेल हे जरा विचारून पाहा. ती विचारेल. उत्तरात ठरावीक वेळ आली, तर शुक्रवारी साडेसहाच्या पाच मिनिटे आधी तिथे पोहोचा. मद्य घेत नसाल तर चषकात चहा घ्या आणि ‘यी छा दाय ज्यू’ (मद्याच्या जागी चहा) म्हणत दोन्ही हातांनी, त्यांच्या चषकापेक्षा आपला चषक थोडा खाली ठेवून, यजमानांची पहिली शुभेच्छा झाल्यावर तुम्हीही शुभेच्छा द्या.